एक कोयता, दोन माणसं

आमच्या वडवणीत ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. उचल कोयत्यावर मिळते. फडात दोघांनी तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. 1972च्या दुष्काळानंतर बीडमधली कितीतरी लग्नं अशीच निभावली.

माझ्या आईबापांचंही बोलणं कामाचंच होतं : गाडी कधी येणार, उचल किती फिटली, पोरांची फी कशी भरायची. मला नोकरी लागली, मी कोयता सोडायला लावला. बहीण सासरी गेली. बोलायचे विषयही आमच्याबरोबर गेले.

आजोबांच्या पिढीत हे घडायला वावच नव्हता. धाकटं पोर मोठं होईस्तोवर थोरल्याची पोरं अंगणात खेळायची.

आता आई पुण्याला फोन करून म्हणते, "तुझ्या बापाला सांग, गोळी घे म्हणावं." बाप शेजारच्याच बाजेवर असतो.

दिवाळीत मी विचारलं, पहिला हंगाम कुठं केला होता? दोघांनी वेगवेगळे कारखाने सांगितले आणि अर्धा तास भांडले. मी मध्ये पडलो नाही.