हॉटेलच्या बिलाची वाटणी: कर आणि सेवा शुल्काचा हिशेब कसा करावा?

मित्रमंडळी एकत्र जेवायला गेली की बिल बहुधा डोक्यांवर वाटले जाते. सर्वांनी साधारण सारखेच मागवले असेल तर त्यात काही वावगे नाही. मात्र एकाने केवळ सूप घेतले आणि दुसऱ्याने जेवणासोबत मद्यही मागवले, तर समान वाटणीत पहिल्याच्या खिशातून दुसऱ्याचा खर्च भागतो. ‘तुझे तू, माझे मी’ असे ठरले तरी कर आणि सेवा शुल्क कोणी किती द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर बिलाच्या रचनेत आहे. स्वतंत्र उपाहारगृहात खाद्यपदार्थांवर सर्वसाधारणपणे ५ टक्के वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागतो. बिलावर तो केंद्र आणि राज्य यांच्या नावे अडीच-अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) लागतो. त्याचा दर राज्यागणिक वेगळा असतो. सेवा शुल्क हा सरकारी कर नाही. ती रक्कम हॉटेलचालकाकडे जाते. बिलात ते लावलेले असेल, तर जीएसटीची आकारणी बहुधा सेवा शुल्कासह होणाऱ्या रकमेवर केलेली दिसते.

चौघांच्या एका काल्पनिक बिलावरून हे स्पष्ट होईल. ४०० रुपयांची एक डिश सर्वांनी मिळून खाल्ली. याशिवाय ‘अ’ने २०० रुपयांचे, ‘ब’ने ४०० चे, ‘क’ने ६०० चे आणि ‘ड’ने ४०० रुपयांचे पदार्थ घेतले. ‘ड’ने १,००० रुपयांचे मद्यही घेतले. खाद्यपदार्थांची बेरीज २,००० रुपये झाली. त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे २०० रुपये आणि २,२०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ११० रुपये धरून जेवणाचे २,३१० रुपये झाले. व्हॅट १० टक्के मानल्यास मद्याचे १,१०० रुपये होतात. एकूण बिल ३,४१० रुपयांचे.

वाटणीची पहिली पायरी म्हणजे सामाईक डिशचे १०० रुपये प्रत्येकाच्या नावावर मांडणे. त्यामुळे ‘अ’चे ३००, ‘ब’चे ५००, ‘क’चे ७०० आणि ‘ड’चे ५०० रुपये होतात. त्यानंतर जेवणाच्या अंतिम रकमेला मूळ रकमेने भागावे. २,३१० भागिले २,००० म्हणजे १.१५५. प्रत्येकाच्या रकमेला या आकड्याने गुणले की सेवा शुल्क आणि कर आपोआप प्रमाणात वाटले जातात. ‘अ’चे ३४६.५० रुपये, ‘ब’चे ५७७.५० रुपये आणि ‘क’चे ८०८.५० रुपये येतात. ‘ड’च्या ५७७.५० रुपयांत मद्याचे १,१०० मिळवून १,६७७.५० रुपये होतात. चारही आकड्यांची बेरीज ३,४१० आली, की हिशेब बरोबर असल्याची खात्री पटते.

हेच बिल समान वाटले असते तर प्रत्येकाला ८५२.५० रुपये द्यावे लागले असते. म्हणजे ‘अ’ने ५०६ रुपये जादा दिले असते आणि ‘ड’चे ८२५ रुपये वाचले असते.

पदार्थ ज्याचे त्याने द्यायचे आणि कर व सेवा शुल्क मात्र समान वाटायचे, ही पद्धतही सर्रास दिसते. येथे कर आणि शुल्क मिळून ४१० रुपये आहेत. त्याचे चार समान भाग केल्यास ‘अ’ला ४०२.५० रुपये, म्हणजे न्याय्य वाट्यापेक्षा ५६ रुपये अधिक द्यावे लागतात. मद्यासह संपूर्ण बिलाला एकच गुणक लावणेही चुकीचे आहे. दोन्हींवरील आकारणी वेगळी असल्याने एकाचा भार दुसऱ्यावर सरकतो.

वाटणीपूर्वी सेवा शुल्काचा निर्णय घेणे श्रेयस्कर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना ते बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. ते शुल्क ऐच्छिक असल्याने ग्राहक ते काढून टाकण्यास सांगू शकतो. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

शुल्क हटवल्यावर सुधारित बिल मागून घ्यावे, कारण त्यावरील जीएसटीही कमी व्हायला हवा. वरील उदाहरणात २०० नव्हे, तर २१० रुपये कमी होतात. जेवणाचा गुणक १.०५ वर येतो आणि ‘अ’चा वाटा ३१५ रुपये होतो.