जपानच्या समुद्राच्या नावाचा वाद

जपानचा समुद्र हा प्रशांत महासागराचा एक सीमावर्ती समुद्र असून तो जपानी द्वीपसमूह, कोरियन द्वीपकल्प आणि रशियाचा अतिपूर्व किनारा यांनी वेढलेला आहे. या समुद्राला कोणत्या नावाने संबोधावे, याबाबत जपान आणि दोन्ही कोरियांमध्ये मतभेद आहेत. दक्षिण कोरियात तो 'तोंगहे' म्हणजे 'पूर्व समुद्र', तर उत्तर कोरियात 'कोरियाचा पूर्व समुद्र' म्हणून ओळखला जातो.

== नावांचा उगम ==
दिशेवरून पडलेले नाव पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते. कोरियाच्या पूर्वेस असलेला हा समुद्र जपानच्या पश्चिमेस येतो. चीनमध्ये 'पूर्व समुद्र' या अर्थाचे नाव त्याच्या दक्षिणेकडील दुसऱ्याच समुद्राला आहे. 'जपानचा समुद्र' हे नाव इ.स. १६०२ मध्ये मात्तेओ रिची या इटालियन धर्मप्रचारकाने चीनमध्ये तयार केलेल्या जगाच्या नकाशात आढळते. १८व्या शतकातील अनेक युरोपीय नकाशांत मात्र 'कोरियाचा समुद्र' असे नाव दिसते. १९व्या शतकात युरोपीय नकाशांत 'जपानचा समुद्र' हे नाव रूढ होत गेले.

== सीमा आणि अधिकृत सूची ==
समुद्रांची नावे व सीमा नोंदवणारी 'महासागर आणि समुद्रांच्या सीमा' ही पुस्तिका मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन संस्थेने १९२८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. या समुद्राच्या सीमा तिच्यात मुख्यतः त्याला इतर समुद्रांशी जोडणाऱ्या सामुद्रधुन्यांवर ठरवलेल्या असून नाव 'जपानचा समुद्र' असे आहे. त्या वेळी कोरिया जपानच्या अधिपत्याखाली (१९१०–१९४५) असल्याने त्याला स्वतंत्र प्रतिनिधित्व नव्हते. पुस्तिकेतील सीमांना राजकीय अर्थ नाही, असे १९५३ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट केलेले आहे. तरीही नकाशाकार तिच्यातील नावे प्रमाण मानत आले.

== दोन्ही बाजू ==
१९९१ मध्ये दोन्ही कोरियांना संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणाविषयीच्या परिषदेत हा प्रश्न मांडला. संबंधित देशांचे एकमत होत नसल्यास दोन्ही नावे वापरावीत, या जलालेखन संस्थेच्या १९७४ च्या ठरावाचा आधार दक्षिण कोरिया घेतो. जपानच्या मते हा ठराव उपसागर किंवा सामुद्रधुनीसारख्या, अनेक देशांच्या सार्वभौमत्वाखालील जलभागांपुरता आहे. खुल्या समुद्राला तो लागू होत नाही. शिवाय जपानी बेटांमुळेच हा समुद्र प्रशांत महासागरापासून वेगळा होतो, म्हणून प्रचलित नाव भूगोलास धरून आहे, असे जपानचे म्हणणे आहे.

== सद्यस्थिती ==
एकमत न झाल्याने पुस्तिकेची चौथी आवृत्ती निघू शकली नाही. २०२० मध्ये संस्थेने नव्या डिजिटल संचात समुद्रांची ओळख नावांऐवजी क्रमांकांनी दर्शवण्याचे ठरवले; १९५३ ची आवृत्ती मात्र उपलब्ध ठेवली आहे. त्यामुळे संगणकीय नोंदींपुरता नावाचा प्रश्न टळला असला, तरी छापील नकाशांवर आणि पाठ्यपुस्तकांत कोणते नाव द्यावे, हा वाद कायम आहे.