'मी धरणाच्या...' एवढाच मेसेज आला, लोकेशन बंद, मग पानशेतला गेलेला मित्र शोधायचा कसा?

पावसाळ्यातला रविवार. ग्रुप पानशेतला निघालाय, एक जण बाईकवर पुढे गेलाय. त्याचा मेसेज येतो, "मी धरणाच्या". पुढे काहीच नाही. लाईव्ह लोकेशन बंद. आता?

पहिली अडचण 'धरण' या शब्दातच आहे. पुण्याहून या रस्त्यानं जाताना आधी खडकवासला लागतं आणि पुढे पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणं अगदी शेजारी शेजारी आहेत. शिवाय पाट्यांवर सरकारी नावंही असतात. 'तानाजी सागर' म्हणजे पानशेत आणि 'वीर बाजी पासलकर' म्हणजे वरसगाव. मित्रानं दुसरं नाव वाचून सांगितलं आणि तुम्ही पानशेतच्या भिंतीपाशी उभे राहिलात, तर दोघंही बरोबर असून चुकामूक होणार.

त्यामुळे "कुठे आहेस?" असं विचारू नका. उत्तर येईल "अरे इथेच, टपरीजवळ". टपऱ्या शेकड्यानं आहेत आणि भुट्ट्याची गाडी तर तासाभरात जागा बदलते. त्याऐवजी विचारा, "जवळ शाळा किंवा ग्रामपंचायत दिसते का? पाटी वाच." जिल्हा परिषदेच्या शाळेवर साधारणपणे गावाचं आणि तालुक्याचं नाव असतं. तालुका हवेली असेल तर तो अजून खडकवासला-डोणजे-खानापूर पट्ट्यात आहे. वेल्हे असेल तर पानशेतच्या बाजूला पोचलाय. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, त्यामुळे नव्या पाटीवर 'ता. राजगड' दिसलं म्हणून तो राजगड किल्ल्याखाली गेलाय असं समजू नका. रिसॉर्टच्या बोर्डवर विसंबू नका, नावात 'पानशेत' असलं तरी ते पानशेत गावातच असेल असं नाही.

पाटी नसेल तर पुढचा प्रश्न, "पुण्याकडे पाठ करून उभा राहा. पाणी कुठल्या हाताला?" खडकवासल्याचं पाणी या रस्त्याच्या उजव्या हाताला असतं. डावीकडे सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसत असेल तर तो निम्म्या वाटेतच आहे. ढग उतरले असतील तर मात्र टॉवर सोडून द्या.

तुमच्या प्रश्नावर एकच टिक येतेय? म्हणजे त्याचं नेट गेलंय. फोन लावा किंवा साधा एसएमएस करा. शेअरिंग बंद असलं तरी फोनचं जीपीएस चालू असू शकतं, आणि त्याला नेट लागत नाही. गुगल मॅप्समध्ये स्वतःच्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे मिळतात, १८ आणि ७३ नं सुरू होणारे. ते एसएमएसनं पाठवायला सांगा. दशांश चिन्हानंतर चार आकडे हवेत, तेव्हा चूक दहा-अकरा मीटरची राहते. दोनच पाठवले तर किलोमीटरभराची.

आकडे आले की त्याला एकच सांगा, जागेवरून हलू नकोस.