फ्रीलान्स डेव्हलपरचा शेवटचा हप्ता का अडकतो? 'स्टेटमेंट ऑफ वर्क'मध्ये काय लिहावं?

कोणतं काम, कधीपर्यंत आणि किती पैशांत करायचं, हे डेव्हलपर आणि ग्राहक ज्या कागदावर ठरवतात, तो म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ वर्क'. काम 'पूर्ण झालं' हे कसं ठरवायचं, ते त्यात नसेल तर वाद होतो.

समजा, मिठाईच्या दुकानाची वेबसाइट ६०,००० रुपयांत ठरली. सुरुवातीला १८,०००, ऑर्डरचं पान चाचणीसाठी दिल्यावर २४,००० आणि वेबसाइट स्वीकारल्यावर उरलेले १८,००० रुपये.

कागदावर फक्त 'ऑनलाइन ऑर्डर घेता यावी' असं असेल, तर ग्राहक शेवटी कुरिअर ट्रॅकिंगही मागू शकतो आणि तोवर हप्ता अडतो. त्याऐवजी चाचणीच लिहावी: 'मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरल्यावर ऑर्डर दुकानदाराच्या यादीत दिसावी. व्यवहार फसला, तर ऑर्डरसमोर "पैसे बाकी" असं दिसावं.' या चाचणीत वेबसाइट पास झाली, की ती स्वीकारावी लागते. ट्रॅकिंग हे नवं काम ठरतं, त्याचे पैसे आणि मुदत वेगळी.

ग्राहकाने उत्तरच दिलं नाही तर? त्यासाठी आणखी एक ओळ हवी: 'चाचणीसाठी दिल्यापासून ७ दिवसांत त्रुटी लेखी कळवल्या नाहीत, तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल.' ही ओळ नसेल, तर हप्त्याची तारीख ग्राहकाच्या सवडीवर राहते.