‘बेट’ चालेल, ‘पाणी’ चालणार नाही

इ.स. १८६७च्या सुमारास लंडनच्या रूटलेज प्रकाशनाने लहान मुलांसाठी रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट नव्या रूपात काढली. लेखिकेचे नाव छापले होते मेरी गोडॉल्फिन. ग्रंथालयांच्या सूची हे टोपणनाव ल्यूसी एकिन या इतिहासलेखिकेचे मानतात. १७८१ साली जन्मलेल्या ल्यूसीबाई १८६४ सालीच वारल्या होत्या. पुस्तकाची प्रतिज्ञा एवढीच, की विशेषनामे वगळता प्रत्येक शब्द एका सिलॅबलचा, म्हणजे एकाच स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा असेल. अशा शब्दांना आम्ही येथे ‘एकस्वरी’ म्हणू. गंमत अशी की रॉबिन्सन, क्रूसो आणि खुद्द सिलॅबल, शीर्षकातले हे तीनही शब्द त्या नियमात बसत नाहीत.

ही प्रतिज्ञा आकाशातून पडलेली नव्हती. त्या काळी इंग्रजी वाचन शिकवले जाई ते स्पेलिंगच्या पुस्तकांतून. आधी दोन-दोन अक्षरांचे तुकडे, मग एकस्वरी शब्दांच्या याद्या, मग द्विस्वरी, अशी ती पायऱ्यांची वाट असे. सोपेपणा म्हणजे सिलॅबलांची संख्या कमी असणे, हे समीकरण तिथेच रुजले. ल्यूसीबाईंच्या आत्या ॲना बार्बोल्ड यांनी १७७८-७९ मध्ये आपल्या दत्तक मुलासाठी मोठ्या टायपात, ऐसपैस समास सोडून वाचनपाठ छापले होते. हा मुलगा म्हणजे ल्यूसीबाईंचाच सख्खा भाऊ चार्ल्स. बालवाचन हा त्या घराण्याचा जणू घरचा उद्योगच होता.

पण हा नियम पाळायचा म्हणजे नेमके काय करायचे? आम्ही स्वतः एक वाक्य घेऊन पाहिले. ‘द सेलर वॉज फ्राइटन्ड बिकॉज ही सॉ अनदर फुटप्रिंट.’ नऊ शब्दांचे हे साधे वाक्य. पण त्यातले पाच शब्द बाद होतात. मग लिहावे लागते, ‘द मॅन शुक विथ फिअर, फॉर ही सॉ वन मोर मार्क ऑफ अ फुट.’ शब्द झाले चौदा. खलाशाचा नुसता ‘माणूस’ झाला. ‘बिकॉज’च्या जागी आलेला ‘फॉर’ या अर्थाने बोलण्यात आढळत नाही, तो ग्रंथात राहतो. ‘घाबरला’ याऐवजी ‘भीतीने थरथरला’ असे चित्र मात्र मिळाले, आणि आमच्या मते तेवढा तो लाभच.

खरी अडचण व्याकरणात आहे. ‘इंग’ हा प्रत्यय लागला की एक सिलॅबल वाढते. म्हणून ‘जात होता’, ‘पाहत होता’ अशी चालू क्रियेची रूपे गोष्टीतून हद्दपार होतात. भूतकाळाचा ‘एड’ आणखी लहरी. ‘वॉक्ड’ चालते, ‘वाँटेड’ चालत नाही, कारण ट किंवा ड नंतर तो प्रत्यय स्वतंत्र उच्चारला जातो. त्यामुळे लेखकाला ‘वेंट’, ‘टुक’, ‘फाउंड’ अशा अनियमित रूपांचा आसरा घ्यावा लागतो, आणि पाठांतराशिवाय न येणारी नेमकी हीच रूपे आपल्या विद्यार्थ्यांना छळतात! ‘आयलंड’ गेले तरी ‘आइल’ हा जुना काव्यमय शब्द हाताशी असतो. पण ‘वॉटर’ला पर्याय कोणता? बेटावरच्या माणसाच्या गोष्टीत ‘पाणी’ म्हणायची सोय नाही. ‘मदर’, ‘बेबी’, ‘हॅपी’ हे पाळण्यातले शब्द निषिद्ध. आणि ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’ यांना मुक्त प्रवेश, जरी तिन्हींच्या शेवटी तीच चार अक्षरे तीन तऱ्हांनी वागतात. उच्चाराचे माप वाचणाऱ्या डोळ्याला लावले, ही या पद्धतीची मूळ चूक होय.

मराठीतही नवशिक्यांसाठी जोडाक्षरविरहित गोष्टी लिहिल्या जातात. वरवर बंधन तसेच. पण ते लिपीवरचे आहे. मुलाला जिथे खरोखर अडते तिथेच ते बोट ठेवते. शिवाय त्यात लांब शब्दाला मज्जाव नाही. ‘सटरफटर’ खुशाल येतो, ‘स्त्री’ थांबते. ‘स्ट्रेंग्थ’ हा इंग्रजी एकस्वरी शब्द देवनागरीत नुसता लिहून पाहावा, म्हणजे दोन बंधनांतला फरक उमगेल.

पुढे अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी माप बदलले. १९५७च्या ‘द कॅट इन द हॅट’मध्ये निरनिराळे शब्द अवघे २३६ आहेत. तो पल्ला आणखी आखडता घेण्याची पैज प्रकाशक बेनेट सर्फ यांनी त्यांच्याशी लावली आणि १९६०चे ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ केवळ ५० शब्दांत लिहिले गेले. येथे शब्दाच्या लांबीवर बंदी नाही, शब्दांच्या संख्येवर आहे. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि वाचता वाचता ओळखीचे होतात. तरीही त्या पन्नासांतले एकोणपन्नास शब्द एकस्वरीच निघाले. उरलेला एक म्हणजे ‘एनीव्हेअर’.