हप्ता महिन्याचा, करार वर्षाचा: सॉफ्टवेअरची वर्गणी मुदतीपूर्वी बंद केल्यास लागणारे शुल्क

संगणकावरील चित्ररचना आणि चित्रफीत संपादनाची सॉफ्टवेअर पूर्वी एकदा पैसे भरून कायमची विकत घेता येत. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर प्रो यांची निर्माती अमेरिकी कंपनी अडोबी हिने मे २०१३ मध्ये यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतील, असे जाहीर केले. त्यानंतर रचनाकार, छायाचित्रकार, मुद्रणालये आणि चित्रफीत संपादक या वर्गणीच्या चौकटीत आले. या चौकटीतील सर्वाधिक गैरसमजाचा भाग म्हणजे पडद्यावर Annual, billed monthly या नावाने दिसणारी योजना.

ही मासिक योजना नव्हे. बारा महिन्यांचा एकच करार असून त्याची रक्कम बारा हप्त्यांत घेतली जाते. त्याच पानावर सहसा आणखी दोन पर्याय असतात. Monthly ही खरी मासिक योजना असून ती कोणत्याही महिन्यात विनाशुल्क बंद करता येते, मात्र तिचा दर बराच अधिक असतो. Annual, prepaid या योजनेत वर्षाची संपूर्ण रक्कम आरंभीच भरावी लागते. पहिल्या दोन्ही पर्यायांत किंमत ‘दरमहा’ अशीच दिसत असल्याने ग्राहक स्वाभाविकपणे स्वस्त आकड्याकडे वळतो. विनामूल्य चाचणीसाठी कार्डाचा तपशील दिला आणि चाचणी संपण्यापूर्वी ती रद्द केली नाही, तर निवडलेली सशुल्क योजना आपोआप सुरू होते.

अडोबीच्या अटींनुसार खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत योजना रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळते. पंधराव्या दिवसापासून मात्र उरलेल्या हप्त्यांच्या एकूण रकमेच्या निम्मी रक्कम शुल्क म्हणून एकरकमी आकारली जाते. शुल्क भरल्यानंतरही सॉफ्टवेअर चालू राहते ते फक्त त्या महिन्याच्या देयककाळाच्या अखेरीपर्यंत. म्हणजे निम्मे पैसे देऊन उरलेले निम्मे वर्ष वापरता येते, असे नाही.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. हे कंपनीचे प्रत्यक्ष दर नव्हेत. वार्षिक करारातील हप्ता २,००० रुपये आणि खऱ्या मासिक योजनेचा दर ३,००० रुपये आहे, असे मानू. एखाद्या संपादकाचे काम चार महिन्यांत संपले. त्याने आठ हजार रुपये भरले आहेत आणि आठ हप्ते, म्हणजे सोळा हजार रुपये, उरले आहेत. त्याच्या निम्मे, आठ हजार रुपये, शुल्क लागेल. चार महिन्यांचा एकूण खर्च सोळा हजार झाला. मासिक योजना घेतली असती, तर तो बारा हजारांत सुटला असता.

याच आकड्यांवर पुढे हिशेब केला, तर सहा महिन्यांना दोन्ही मार्ग सारखे, अठरा हजारांचे, ठरतात. सहा महिन्यांहून अधिक वापर असेल, तर शुल्क भरूनही वार्षिक करार स्वस्त पडतो. त्याहून कमी असेल, तर मासिक योजना. दोन दरांतील फरक बदलला की ही सीमाही सरकते. त्यामुळे खरेदीच्या वेळी विचारण्याचा प्रश्न ‘दरमहा किती?’ हा नसून ‘काम किती महिने आहे?’ हा आहे.

शुल्काचे समर्थन करताना सामान्यतः सांगितले जाते की, ग्राहकाने वर्षभराच्या हमीच्या बदल्यात सवलत घेतली होती, ती हमी मोडल्यामुळे भरपाई घेतली जाते. हा युक्तिवाद हिशेबाला लावून पाहिला की अडचण दिसते. वरील उदाहरणात चार महिन्यांत ग्राहकाला मिळालेली सवलत चार हजारांची, शुल्क मात्र आठ हजारांचे. पहिल्या महिन्यानंतर सोडणाऱ्याला सवलत मिळाली एक हजाराची आणि शुल्क पडते अकरा हजारांचे. अकराव्या महिन्यानंतर सोडणाऱ्याला सवलत अकरा हजारांची आणि शुल्क एक हजाराचे. म्हणजे ज्याने सवलतीचा लाभ सर्वांत कमी घेतला, त्याच्याकडून सर्वाधिक वसुली होते. मिळालेली सवलत परत घेण्याची ही पद्धत नव्हे, हे उघड आहे.

अमेरिकेत हा विषय न्यायालयात गेला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून न्याय विभागाने जून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात अडोबी आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. त्यातील मुख्य आक्षेप शुल्काच्या अस्तित्वावर नव्हता, तर ते दडवण्यावर होता. वार्षिक कराराचा पर्याय आधीच निवडलेला असतो, शुल्काचा उल्लेख बारीक अक्षरांत किंवा दुव्यांआड असतो आणि रद्द करण्यासाठी ग्राहकाला पानामागून पाने ओलांडावी लागतात, असे आरोप होते. आपल्या अटी पारदर्शक आहेत, असे सांगून कंपनीने ते नाकारले.

भारतातही हाच भेद महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील तेरा प्रकारांत ‘वर्गणीचा सापळा’ हा एक आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा क्लिष्ट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, त्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे, या गोष्टी त्यात येतात. स्पष्टपणे दाखवलेले मुदतपूर्व शुल्क मात्र केवळ शुल्क म्हणून या व्याख्येत बसत नाही.

शुल्काच्या रकमेलाच आव्हान द्यायचे असेल, तर आधार वेगळा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत, करारभंगामुळे झालेल्या हानीच्या तुलनेत पूर्णतः अप्रमाणशीर दंड लादणाऱ्या अटीचा समावेश आहे. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. काही हजारांच्या शुल्कासाठी हा मार्ग कितीजण धरतील, ही शंकाच आहे. शिवाय व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला यातून सूट आहे; त्यामुळे घरून एकट्याने काम करणारा रचनाकार आणि दहा जणांचा स्टुडिओ यांची स्थिती सारखी नसते. छापील दरापेक्षा तक्रारीचा पहिला टप्पा म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

व्यवहारात अनेक जण दुसराच मार्ग निवडतात आणि बँकेतील स्वयंचलित भरणा थांबवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरील आवर्ती भरण्याची पूर्वसूचना किमान चोवीस तास आधी मिळते आणि ग्राहकाला तो आदेश केव्हाही मागे घेता येतो. मात्र आदेश मागे घेणे म्हणजे करार रद्द करणे नव्हे. हप्ता थकला की सॉफ्टवेअरचा वापर बंद होतो, पण करारानुसारचे देणे तेवढ्याने संपत नाही. बँकेचा संदेश ही आठवण समजावी आणि योजना कंपनीच्या खात्यातूनच रद्द करावी.

त्यासाठी खात्यातील Manage plan या पानावर जावे लागते. रद्द करण्याच्या अंतिम पायरीपूर्वी शुल्काची नेमकी रक्कम तेथे दिसते. ती पाहून माघार घेता येते. शुल्क आणि उरलेले हप्ते यांची तुलना करून सॉफ्टवेअर वर्षअखेरीपर्यंत वापरायचे की नाही, हे तेव्हा ठरवता येईल. वर्ष पूर्ण होताच करार आपोआप पुढील वर्षासाठी वाढतो, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख याच पानावर पाहून त्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो.