गोल उंच जलकुंभ : काँक्रीटचे घनफळ

खांबांवर उभ्या असलेल्या गोल टाकीच्या पाणी साठवणाऱ्या भागाला, म्हणजे कुंडाला, किती काँक्रीट लागते याचे मोजमाप. कुंडात तळाची सपाट स्लॅब, तिच्याखालची रिंग बीम, गोल भिंत, भिंतीच्या माथ्यावरची रिंग बीम आणि वरचा घुमट एवढे भाग येतात. खांब, ब्रेसिंग आणि पाया यांचा हिशेब निराळा असतो, तो इथे घेतलेला नाही. या मोजमापात सगळी धास्ती घुमटाच्या सूत्राची असते, कारण उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी वळलेला भाग तोच एक. पण आकडे मांडून पाहिले तर दिसते ते वेगळे. वक्र पृष्ठाचे सूत्र थोडे ढोबळ वापरले तर घनफळ काही लिटरांनी चुकते. दोन भाग जिथे भेटतात तिथली सीमा धरायची राहिली, तर ते कित्येक घनमीटरांनी चुकते. हिशेबाचे खरे काम कुंडाचे असे तुकडे पाडण्याचे आहे, की कोणताही कोपरा दोनदा मोजला जाणार नाही आणि एकही सुटणार नाही.

उदाहरणासाठी एक लाख लिटरांचा जलकुंभ घेऊ. आतला व्यास ६.०० मी. आणि पाण्याची खोली ३.६० मी. धरली तर साठा १०१.८ घनमीटर होतो. पाण्यावर ०.३० मी. मोकळी जागा सोडल्याने तळापासून वरच्या रिंग बीमच्या खालच्या कडेपर्यंत भिंत ३.९० मी. उंच आणि ०.२० मी. जाड आहे. तळाची स्लॅब ०.३० मी. जाड असून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाते. तिच्याखालची रिंग बीम ०.४० मी. रुंद व स्लॅबसह ०.७० मी. खोल आहे, आणि तिची बाहेरची बाजू भिंतीच्या बाहेरच्या बाजूशी सरळ रेषेत आहे. वरची रिंग बीम ०.३० बाय ०.३० मी., आतून भिंतीशी सपाट आणि बाहेर ०.१० मी. पुढे आलेली. घुमटाची जाडी ०.१० मी. आणि आतून उंची १.२० मी., म्हणजे व्यासाच्या एक पंचमांश. ही मापे मोजणी समजावी म्हणून घेतली आहेत. प्रत्यक्ष टाकीची मापे तिच्या संकल्पचित्रातूनच घ्यावीत.

घुमट सोडला तर बाकीचे भाग गोल फिरवलेले आयत आहेत. त्यांना पाप्पसचा नियम पुरतो: छेदाचे क्षेत्रफळ गुणिले छेदाच्या गुरुत्वमध्याने फिरताना कापलेले अंतर. भिंतीचा गुरुत्वमध्य तिच्या जाडीच्या मध्यावर असल्याने व्यास ६.२० मी. धरावा लागतो आणि घनफळ १५.१९ घनमीटर येते. आतला ६.०० मी. व्यास धरला तर १४.७० येते, म्हणजे जवळजवळ अर्धा घनमीटर गायब. तळाची स्लॅब ६.४० मी. व्यासाची, ९.६५ घनमीटर. खालच्या बीमचा स्लॅबखाली दिसणारा भाग ०.४० बाय ०.४० मी. आणि मध्यव्यास ६.०० मी., म्हणून ३.०२ घनमीटर. वरच्या बीमचा मध्यव्यास ६.३० मी., घनफळ १.७८ घनमीटर. भिंत आणि स्लॅब यांच्या आतल्या कोपऱ्यात ०.१५ मी. बाजूंचा तिरपा हॉन्च असतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य काटकोनाच्या बाजूला एक तृतीयांशावर येतो, त्यामुळे तो २.९५ मी. त्रिज्येवर फिरतो आणि ०.२१ घनमीटर भरतो.

आता सांधे पाहू. भिंत आणि तळाची स्लॅब जिथे मिळतात तिथे ०.२० मी. रुंद व ०.३० मी. उंच असे काँक्रीटचे एक कडे आहे, घनफळ १.१७ घनमीटर. ते स्लॅबचे मानले तर स्लॅब ९.६५ आणि भिंत १५.१९; भिंतीचे मानले तर स्लॅब ८.४८ आणि भिंत १६.३६. दोन्ही वेळा बेरीज २४.८४ च येते. चूक होते ती स्लॅब बाहेरच्या व्यासाने आणि भिंत स्लॅबच्या बुडापासून मोजली तेव्हा, कारण मग ते कडे दोनदा धरले जाते. वरच्या रिंग बीमपाशी हेच घडते. नकाशावर भिंतीची उंची बीमच्या माथ्यापर्यंत दाखवलेली असते. ती तशीच उचलली आणि बीमही पूर्ण मोजली, तर पुन्हा १.१७ घनमीटर वाढतात. दोन्ही ठिकाणी आकडा सारखा आला, कारण इथे स्लॅबची जाडी आणि बीमची खोली दोन्ही ०.३० मी. आहेत. सर्वांत मोठी चूक खालच्या बीमची. सळईच्या तपशिलात तिची खोली ०.७० मी. लिहिलेली असते. ती पूर्ण धरली आणि स्लॅबही अखंड मोजली तर २.२६ घनमीटर दुबार होतात. तिन्ही चुका एकाच हिशेबात झाल्या तर ४.६० घनमीटर फुगवटा येतो, एकूण घनफळाच्या जवळजवळ १४ टक्के.

याच्याशी घुमटाची तुलना करू. गोलखंडाच्या पृष्ठाबद्दल आर्किमिडीजने दाखवलेली गोष्ट फार सोयीची आहे: शिखरापासून कडेपर्यंतचे सरळ अंतर त्रिज्या मानून काढलेल्या वर्तुळाएवढे ते पृष्ठ असते. पायाची त्रिज्या a आणि उंची h असेल तर क्षेत्रफळ π(a² + h²). इथे आतले पृष्ठ ३२.८० चौ. मी. येते आणि गोलाची त्रिज्या (a² + h²)/2h या सूत्राने ४.३५ मी. आतले पृष्ठ गुणिले जाडी केले तर ३.२८ घनमीटर. जाडीच्या मध्यावरचे, म्हणजे ४.४० मी. त्रिज्येचे पृष्ठ घेतले तर ३.३६. दोन गोलांच्या वजाबाकीचे नेमके सूत्र वापरूनही ३.३६ च येते. ज्या शुद्धतेसाठी लोक अडून बसतात तिचे मोल ७६ लिटर काँक्रीट आहे. घुमट सपाट वर्तुळ समजून मोजणे मात्र चूकच. त्यात सुमारे अर्धा घनमीटर कमी पडतो.

पण घुमटातही सीमेचा प्रश्न सुटत नाही. वरचा ३.३६ हा आकडा घुमटाची कड त्रिज्येच्या दिशेने तिरपी कापली आहे असे धरून आला. बीमचा माथा घुमटाच्या आतल्या पायरेषेच्या पातळीत असेल, तर घुमट बीमवर आडवा टेकतो. तिरप्या कापाखालची पाचर काँक्रीटने भरलेली असते आणि घनफळ ३.४६ होते. उलट बीम पायरेषेच्या वर उचललेली असेल आणि घुमट तिच्या आतल्या उभ्या बाजूला भिडत असेल, तर बीमच्या आतला घुमट ३.२७ घनमीटरच राहतो. तीन आकडे, तिन्ही गणिताने बरोबर, आणि त्यांतला फरक आतल्या-मधल्या पृष्ठाच्या फरकाच्या दुपटीहून अधिक. कोणता घ्यायचा हे सूत्र ठरवत नाही, बीमपाशी काढलेला छेद ठरवतो. आपल्या उदाहरणात घुमट बीमच्या माथ्यावर टेकला आहे, म्हणून ३.४६.

सगळे मिळून ३३.३१ घनमीटर होतात. घुमटातले ०.६० बाय ०.६० मी. चे मॅनहोल वजा करावे लागते, कारण आयएस १२०० च्या दुसऱ्या भागाप्रमाणे ०.१ चौ. मी. पर्यंतचीच भोके वजा न करता सोडता येतात. सळईने व्यापलेली जागाही वजा करत नाहीत. मॅनहोलचे ०.०४ गेल्यावर उरतात ३३.२७ घनमीटर. हा आकडा तपासायला वेगळी वाट आहे. कुंड आधी भरीव समजावे आणि त्यातून पोकळी काढावी. बाहेरचा भरीव आकार खालच्या बीमसह १६९.७२ घनमीटर, आतली पोकळी हॉन्च वगळून १३६.४१, फरक ३३.३१. या पद्धतीत सांधेच नसल्याने दुबार मोजणीला जागा नाही. तुकड्यांची बेरीज याच्याशी जुळली नाही तर चूक सांध्यात शोधावी.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारी निविदांत उंच टाकीचा दर पुष्कळदा साठ्याच्या लिटरमागे असतो, मग घनमीटर मोजून कोणाला काय मिळणार? बिलापुरता हा आक्षेप खरा आहे. पण सिमेंट लिटरमागे येत नाही. तीव्र परिस्थितीतल्या सळईयुक्त काँक्रीटला आयएस ४५६ किमान ३२० किलो सिमेंट प्रति घनमीटर सांगते, म्हणजे ४.६० घनमीटरांचा फुगवटा सुमारे २९ पोत्यांचा आहे. साठा वहीत ही पोती शिल्लक दिसू लागली की काँक्रीट हलके घातले असा संशय येतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, खरोखर हलके घातलेले काँक्रीट या खोट्या जागेत खपून जाते. वजनाचेही तेच: घनमीटरला अडीच टन धरले तर खांबांवर साडेअकरा टन नसलेले वजन चढते, आणि भूकंपाचा भार वजनाच्या प्रमाणात मोजला जातो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. टाकी नकाशावरच्या भागांप्रमाणे नव्हे, टप्प्याटप्प्याने ओतली जाते. मग अशा कागदी सीमांना अर्थ काय? तळासोबत भिंतीचा ०.१५ मी. उंच स्टार्टर ओतला तर भिंतीतले ०.५८ घनमीटर त्या दिवशीच्या मागणीत जातात, हे खरे. पण यातून उलट तेच सिद्ध होते. सीमा कुठेही धरा, सांध्यापाशी धरणे तर उत्तमच. ती एकदा ठरली की शेजारच्या दोन्ही भागांना तीच लागू केली पाहिजे. वाया जाणाऱ्या मालासाठी ठेवलेल्या तीन-चार टक्क्यांत हे सगळे जिरते असेही म्हणतात. ते टिकत नाही, कारण नासाडी सगळ्या भागांत थोडी थोडी पसरते, तर दुबार मोजणी ठराविक सांध्यांवर प्रत्येक टाकीत तेवढीच होते.

हिशेबाची एक मर्यादा मात्र घुमटावर दिसते. घुमटाची जाडी पृष्ठाला काटकोनात मोजायची असते. कडेपाशी उतार जवळजवळ ४४ अंशांचा आहे, तिथे १०० मि.मी. जाडीच्या ताज्या काँक्रीटमध्ये सळई उभी खुपसली तर सुमारे १३७ मि.मी. भरते. ते जास्त समजून गवंड्याने उभे १०० राखले, तर खरी जाडी ७२ मि.मी. उरते. उलट, माल उतारावर घसरतो म्हणून वरून थर चढवत गेल्यास सरासरी १० मि.मी. जाडी वाढायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्याने ०.३४ घनमीटर जास्त जातात. म्हणून घुमट ओतताना लागलेला माल वेगळा नोंदवावा, ३.४६ च्या जागी तीनच घनमीटर लागले असतील, तर कडेची जाडी तपासल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. मोजमाप पुस्तिकेत आकड्यांच्या शेजारी कुंडाचा एक उभा छेद काढून प्रत्येक भागाची हद्द त्यावर जाड रेघेने दाखवावी. पुढे तपासणाऱ्याला तेवढे पुरते.